गाठीच्या अलीकडे, गाठीच्या पलीकडे: एका हदीसच्या सनदेची तपासणी

सहीह बुखारी हा हदिसांचा, म्हणजे प्रेषित मुहम्मदांच्या वचनांचा, संग्रह उघडला की पहिलीच हदीस हेतूंविषयीची लागते. ‘कृत्ये हेतूंवर ठरतात, आणि ज्याने जो हेतू धरला तेच त्याच्या पदरात पडते.’ पुढे उदाहरण येते: कुणी दुनियेच्या लाभासाठी किंवा एखाद्या स्त्रीशी लग्न करण्यासाठी हिजरत, म्हणजे स्थलांतर, केली, तर त्याची हिजरत त्याच गोष्टीसाठी धरली जाईल. इस्लामच्या अभ्यासाला लागलेल्या विद्यार्थ्याला हा मजकूर लवकरच तोंडपाठ होतो. मजकुराच्या आधी येणारी नावांची ओळ मात्र बहुतेक जण भरभर वाचून पुढे जातात. आपण नेमके त्या ओळीवरच थांबू. हदीसची पारख करणाऱ्या जुन्या विद्वानांची पद्धत आणि आधुनिक संशोधकांची शंका या दोन्ही गोष्टी या एकाच ओळीत जवळून पाहता येतात.

ती ओळ अशी आहे. बुखारी सांगतात, आम्हाला हुमैदींनी सांगितले, त्यांना सुफियान बिन उयैना यांनी, त्यांना यह्या बिन सईद अन्सारी यांनी, त्यांना मुहम्मद बिन इब्राहीम तैमी यांनी. तैमींनी ते अलकमा बिन वक्कास यांच्या तोंडून ऐकले. अलकमा म्हणतात, ‘मी उमर बिन खत्ताब यांना मिंबरवर बोलताना ऐकले.’ आणि उमर म्हणतात, ‘मी अल्लाहच्या प्रेषितांना असे म्हणताना ऐकले.’ मिंबर म्हणजे मशिदीतले प्रवचनाचे व्यासपीठ. या नावांच्या ओळीला सनद म्हणतात, आणि ओळीतल्या प्रत्येक माणसाला रावी.

आधी तारखा जुळतात का ते पाहू. दुसरे खलीफा उमर यांचा मृत्यू हिजरी २३, म्हणजे इ.स. ६४४ मध्ये झाला. अलकमा यांचे निधन खलीफा अब्दुल मलिक यांच्या कारकिर्दीत झाले, म्हणजे हिजरी ६५ ते ८६ च्या दरम्यान. तैमी हिजरी १२० च्या सुमारास वारले आणि यह्या १४३ च्या सुमारास. सुफियान यांचा जन्म हिजरी १०७ चा, तेव्हा यह्या वारले त्या वेळी ते पस्तिशीत होते. हुमैदी २१९ मध्ये वारले, तेव्हा बुखारी पंचवीस वर्षांचे होते. म्हणजे प्रत्येक जोडीची भेट होणे शक्य होते. बुखारींचा मृत्यू हिजरी २५६, इ.स. ८७० चा. प्रेषितांच्या निधनानंतरची सुमारे दोनशे चाळीस वर्षे आणि उमर ते बुखारी यांच्यामध्ये फक्त पाच माणसे. ही माणसे दीर्घायुषी होती हे खरे, पण अशक्य वाटावे असे त्यात काही नाही.

पारख कशी होत असे

हदीस ‘सहीह’, म्हणजे अस्सल, ठरायला पाच अटी सांगतात. सनद कुठे तुटलेली नसावी. प्रत्येक रावी सचोटीचा असावा. त्याची स्मृती किंवा त्याने लिहून ठेवलेले टिपण नेमके असावे. त्याने आपल्याहून भरवशाच्या लोकांच्या विरुद्ध काही सांगितलेले नसावे. आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या सनदेत आत दडलेला दोष, ज्याला इल्लत म्हणतात, तो नसावा. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. पण ही यादी वाचून अनेकांचा असा समज होतो की जुने विद्वान चरित्रकोश उघडत, रावीच्या नावापुढे ‘विश्वासू’ असा शेरा सापडला की हदीस पास करत. प्रत्यक्षात काम उलट दिशेने चाले. रावीची सचोटी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कळू शकते, त्याचा नेमकेपणा कसा कळणार? त्यासाठी एकच उपाय होता: एकाच गुरूच्या अनेक शिष्यांनी सांगितलेले शेजारी शेजारी ठेवायचे आणि कोण कुठे वेगळे बोलतो ते पाहायचे. ‘विश्वासू’ हा शेरा अशा शेकडो तुलनांनंतर पडत असे.

याच हदीसमधले एक प्रकरण घेऊ. मक्केत अब्दुल मजीद बिन अब्दुल अझीझ नावाचे एक रावी होते. इब्ने अबी रव्वाद यांच्या घराण्यातले म्हणून ते ओळखले जातात. माणूस खोटारडा नव्हता. इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहात त्यांच्याकडून आलेल्या हदिसा घेतल्या आहेत. या अब्दुल मजीद यांनी हेतूंची हदीस मदिनेचे इमाम मालिक यांच्याकडून ऐकल्याचे सांगितले, पण सनद दिली ती वेगळीच: मालिक यांनी झैद बिन अस्लम यांच्याकडून, त्यांनी अता बिन यसार यांच्याकडून, आणि त्यांनी प्रेषितांचे सहचर अबू सईद खुद्री यांच्याकडून ऐकले, अशी.

वरवर पाहता या सनदेत खोट काढायला जागा नाही. प्रत्येक नाव एकाहून एक नामांकित. मालिक खरोखरच झैद यांचे शिष्य, झैद अता यांचे, अता अबू सईद यांचे. ही सनद मान्य झाली असती तर फायदाही मोठा होता. हेतूंची हदीस फक्त उमर यांच्याकडून आलेली आहे, ही तिची उणीव दूर झाली असती आणि तिला दुसरा सहचर साक्षीदार मिळाला असता.

तरीही टीकाकारांनी ती फेटाळली. इब्ने अबी हातिम यांनी दोषयुक्त हदिसांवरच्या आपल्या ग्रंथात वडिलांचा निर्वाळा नोंदवला आहे: ही सनद निराधार आहे, मालिक यांची खरी सनद यह्या बिन सईद, मग तैमी, मग अलकमा, मग उमर अशीच आहे. हे त्यांना कसे कळले? मालिक यांचे बाकीचे शिष्य ही हदीस यह्या यांच्या नावाने सांगत होते. एकटे अब्दुल मजीद झैद यांचे नाव घेत होते. बाकीच्यांनी एकाच वेळी चूक केली असे मानण्यापेक्षा एकाची गफलत झाली असे मानणे सोपे.

गफलत अशीच का झाली, हेही पाहण्यासारखे आहे. मालिक, झैद, अता, अबू सईद हा क्रम मालिक यांच्या हदिसांमध्ये पुन्हा पुन्हा येतो. शिष्यांच्या जिभेवर तो रुळलेला होता. मालिक यांचे नाव घेतले की पुढची तीन नावे आपसूक ओठांवर यावीत, असा. टीकाकारांच्या भाषेत याला ‘रुळलेल्या वाटेने जाणे’ म्हणतात. त्यांचा आडाखा असा होता की चुकणारा माणूस नेहमीच्या सनदेकडे घसरतो, त्यामुळे दोन रूपांपैकी एक सरावाचे आणि एक आडवळणाचे असेल, तर आडवळणाचे खरे असण्याची शक्यता अधिक. मला हा आडाखा फार आवडतो, कारण त्यात चांगल्या वाटणाऱ्या सनदेवरच जास्त संशय घेतलेला आहे. हदीस पक्की व्हावी अशी ज्यांची इच्छा होती, त्यांनीच तिचा आयता मिळालेला आधार काढून घेतला.

गाठ

आता कागद घ्या आणि बुखारीतली एकच ओळ न लिहिता या हदीसच्या सगळ्या सनदा एका आकृतीत मांडा. ही हदीस एकट्या बुखारीत सात ठिकाणी येते, शिवाय मुस्लिम, अबू दाऊद, तिर्मिझी, नसाई, इब्ने माजा यांच्याकडेही आहे. सगळ्यात वर प्रेषित, खाली उमर, त्याखाली अलकमा, त्याखाली तैमी, त्याखाली यह्या. इथवर सरळ एकच रेघ, प्रत्येक पायरीवर एकच माणूस. यह्या यांच्यापाशी मात्र ती एकदम फुटते. या जागेला आपण गाठ म्हणू. मदिनेचे मालिक, मक्केचे सुफियान बिन उयैना, कूफ्याचे सुफियान सौरी, बसऱ्याचे हम्माद बिन झैद, इजिप्तचे लैस बिन साद, मर्वचे अब्दुल्लाह बिन मुबारक, वासितचे यझीद बिन हारून, आणि असे कितीतरी. यह्या मदिनेत काझी होते, पुढे अब्बासी खलीफा मन्सूर यांच्या काळात इराकात काझी झाले आणि तिकडेच वारले. इतक्या वेगवेगळ्या गावांचे शिष्य त्यांना कसे मिळाले, ते यावरून समजते.

शिष्यांच्या आकड्याबद्दल अतिशयोक्तीही झाली. हेरातच्या एका विद्वानाने ही हदीस यह्या यांच्या सातशे शिष्यांकडून लिहून घेतल्याचा दावा सांगितला जातो. बुखारीचे भाष्यकार इब्ने हजर (मृत्यू हिजरी ८५२) यांनी त्यावर साफ लिहिले की आपल्याला हे संभवत नाही, हदीस शिकायला लागल्यापासून आपण तिच्या सनदा शोधत आहोत आणि अजून शंभर पुऱ्या करता आलेल्या नाहीत.

यह्या यांच्या खाली तुलना करता येते. मालिक यांची सनद मालिक यांच्या शिष्यांवरून तपासता येते, आणि यह्या यांचे बोलणे मालिक, सुफियान, हम्माद यांच्यावरून. मजकुरातही ते दिसते. सुफियान बिन उयैना यांच्याकडून आलेल्या बुखारीतल्या पहिल्या रूपात ‘हेतू’ अनेकवचनात आहे, मालिक यांच्याकडून आलेल्या रूपात एकवचनात. लग्नासाठी एकीकडे एक अरबी क्रियापद आहे, दुसरीकडे त्याच अर्थाचे दुसरे. हे फरक किरकोळ आहेत, पण उपयोगाचे आहेत. एकाने दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेतले असते तर शब्द असे हलले नसते. माणसे ऐकलेले आपापल्या आठवणीतून सांगत होती, याची ती खूण आहे. तेव्हा यह्या बिन सईद यांनी हिजरी १४३ च्या आधी ही हदीस शिकवली, एवढे म्हणायला पुरावा भक्कम आहे.

यह्या यांच्या वर काय? तिथे तुलनेला दुसरा माणूसच नाही. तैमी यांचे दुसरे शिष्य हेच सांगतात का? नाही. अलकमा यांचे? नाही. उमर यांनी हे मिंबरवरून भर मशिदीत सांगितले, मग ऐकणाऱ्यांपैकी आणखी कुणी ते का सांगितले नाही? ग्यानबाची मेख इथे आहे. गाठीच्या खाली पद्धत चालते, गाठीच्या वर उरतो तो माणसांवरचा भरवसा.

हे जुन्या विद्वानांना दिसले नव्हते असे समजू नका. काझी अबू बकर इब्नुल अरबी (मृत्यू हिजरी ५४३, सूफी इब्ने अरबी वेगळे) यांचा आग्रह होता की बुखारींच्या अटीप्रमाणे प्रत्येक पायरीवर किमान दोन रावी हवेत. मग पहिल्याच हदीसचे काय, असे विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले की उमर यांनी सहचरांसमोर मिंबरवरून ती सांगितली आणि कुणी आक्षेप घेतला नाही, म्हणजे ती सर्वांना माहीत होती. इब्ने हजर यांच्या एका छोट्या ग्रंथात या उत्तराची चिरफाड आहे. लोक गप्प बसले यावरून त्यांनी ते दुसऱ्या कुणाकडून ऐकले होते असे ठरत नाही. आणि उमर यांच्यापुरते हे मानले, तरी पुढे अलकमा एकटे आहेत, त्यांच्यापुढे तैमी एकटे, त्यांच्यापुढे यह्या एकटे, त्यांचे काय? शेवटी रूढ झालेली भूमिका अशी की विश्वासू माणूस एकटा असला तरी चालतो. एकटेपणा हा दोष नव्हे, विरोधात जाणे हा दोष.

तैमी यांच्याबद्दल तर एक बोचरा शेराही आहे. अहमद बिन हंबल म्हणाले होते की त्यांच्या हदिसांत काहीतरी आहे, ते ‘मुनकर’ हदिसा सांगतात. नंतरच्या परिभाषेत मुनकर म्हणजे नाकारण्याजोगी. मग बुखारींच्या पहिल्या हदीसचा सगळा भार ज्यांच्यावर आहे, त्यांच्यावरच बोट? इब्ने हजर यांचा खुलासा असा की अहमद हा शब्द फक्त ‘एकट्याने सांगितलेली’ एवढ्याच अर्थाने वापरत, आणि बाकी सर्वांनी तैमी यांना विश्वासू ठरवले आहे. खुलासा पटण्यासारखा आहे. पण एका नाजूक जागी काम पुन्हा तुलनेवर न होता शेऱ्याचा अर्थ लावण्यावर झाले, हेही नोंदवायला हवे.

शंका घेणारे

युरोपातला संशयवाद सुरू होतो तो इग्नाझ गोल्डझिहर या हंगेरियन अभ्यासकापासून. १८९० मध्ये त्यांनी असे मांडले की बऱ्याच हदिसा प्रेषितांच्या काळाविषयी जेवढे सांगतात त्याहून जास्त पुढच्या दीडदोन शतकांतल्या वादांविषयी सांगतात. १९५० मध्ये जोझेफ शाख्त यांनी कायद्याच्या हदिसांवर हा विचार आणखी कठोरपणे लावला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सनदा मागच्या दिशेने वाढत गेल्या. एखादे मत आधी दुसऱ्या शतकातल्या फकीहाच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या पंडिताच्या, नावावर असे, मग त्याच्या गुरूच्या, मग सहचराच्या, आणि शेवटी प्रेषितांच्या. जितकी सनद परिपूर्ण तितकी ती उशिराची. आणि आकृतीत जिथे सगळ्या रेघा एकत्र येतात तो माणूस, म्हणजे आपली गाठ, त्याने किंवा त्याचे नाव वापरणाऱ्या कुणी ती हदीस चलनात आणली. गाठीच्या वरची एकेरी रेघ नंतर जोडलेली.

हा नियम हेतूंच्या हदीसला लावला तर उत्तर उघड आहे. ती दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातली, यह्या बिन सईद यांच्या काळातली, आणि तैमी, अलकमा, उमर ही नावे आधारासाठी घेतलेली. एरवी, शाख्त यांच्या बाजूने विचारता येईल, इतके महत्त्वाचे वचन शंभर वर्षे एका वेळी एकाच माणसापाशी कसे राहिले?

सनद मागण्याची पद्धत कधी सुरू झाली, यावरही शाख्त यांनी बोट ठेवले. मुस्लिम यांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत बसऱ्याचे इब्ने सीरीन यांचे म्हणणे आहे की लोक आधी सनद विचारत नसत, पण ‘फितना’ झाल्यावर म्हणू लागले, तुमच्या माणसांची नावे सांगा. परंपरेत फितना म्हणजे हिजरी ३५ मधला तिसरे खलीफा उस्मान यांचा खून आणि त्यानंतरची यादवी. शाख्त यांनी तो शब्द हिजरी १२६ मधल्या उमय्या खलीफा वलीद यांच्या खुनाशी जोडला. इब्ने सीरीन ११० मध्येच वारले होते, म्हणून हे वचनच त्यांच्या नावावर खपवलेले, असा निष्कर्ष काढला. मला यात गाडी घोड्याच्या पुढे जोडल्यासारखी वाटते, कारण वचन खोटे ठरवण्यासाठी आधी त्यातल्या शब्दाला ते खोटे ठरेल असाच अर्थ दिलेला आहे. पुढे डच अभ्यासक युइनबोल यांनी मधला पर्याय पुढे केला. फितना म्हणजे हिजरी साठ-सत्तरच्या दशकांतले इब्ने झुबैर यांचे बंड, असे धरले तर वचन खरे मानता येते. तेही स्वतः संशयवादीच होते, हे लक्षात ठेवा.

मायकेल कुक यांनी आणखी खोल घाव घातला. ते म्हणतात, गाठसुद्धा बनावट असू शकते. समजा, एखाद्याने हदीस ऐकली सुफियान यांच्याकडून, पण मधल्या माणसाचे नाव घेणे कमीपणाचे वाटले म्हणून थेट यह्या यांचे नाव घेतले. असे चारपाच जणांनी केले की आकृतीत यह्या यांच्यापाशी गाठ दिसू लागते, खरा उगम मात्र सुफियान. हा आक्षेप हवेतला नाही. मधले नाव गाळण्याच्या या सवयीला जुने टीकाकार तदलीस म्हणत आणि अशा लोकांच्या याद्या ठेवत. त्या याद्यांत खुद्द सुफियान बिन उयैना यांचे नाव आहे, फक्त ते विश्वासू माणसांचेच नाव गाळत अशी नोंद आहे. म्हणून बुखारींच्या पहिल्या ओळीत सुफियान ‘यह्या यांच्याकडून’ असे मोघम न म्हणता ‘यह्या यांनी आम्हाला सांगितले’ असे स्पष्ट म्हणतात, याला महत्त्व आहे. ओळीतली क्रियापदे वाचायची ती यासाठी.

उत्तरे, आणि त्यांची मर्यादा

उत्तर देणाऱ्यांपैकी एक आपल्याकडचे होते. उत्तर प्रदेशातल्या मऊचे मुस्तफा आझमी यांनी देवबंद आणि अझहरनंतर केंब्रिजमध्ये संशोधन केले आणि शाख्त यांच्या एकेक उदाहरणाची तपासणी केली. पहिल्या शतकापासून लेखी टिपणे होती, आणि सनदा इतक्या दूरदूरच्या गावांत पसरल्या होत्या की सगळ्यांनी संगनमत करणे अशक्य, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पण बघा, दूरदूरची गावे आपल्या हदीसमध्ये फक्त गाठीच्या खाली आहेत. वर सगळे मदिनेचे. म्हणून आझमींचा हा मुद्दा यह्यांपर्यंत आणून सोडतो, पुढे नाही.

जर्मन अभ्यासक हाराल्ड मोत्स्की यांनी वेगळी वाट धरली. अब्दुर्रझ्झाक (मृत्यू हिजरी २११) यांच्या मोठ्या संग्रहात मक्केचे इब्ने जुरैज आपले गुरू अता बिन अबी रबाह यांच्याकडून शेकडो गोष्टी सांगतात. मोत्स्की यांनी त्या बारकाईने वाचल्या. इब्ने जुरैज कधी कबूल करतात की शब्द नीट आठवत नाहीत, कधी गुरूशी असहमत होतात, आणि अता यांच्याशी थेट संबंध असूनही कधी म्हणतात, हे अता यांचे मत मला अमुक एकाने सांगितले. खोटे रचणारा माणूस असा स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेईल? सरळ ‘अता यांनी मला सांगितले’ म्हटले की काम भागले. यावरून मोत्स्की यांनी ठरवले की हे साहित्य खरोखर अता यांच्यापर्यंत पोचते, आणि गाठीवरचा माणूस सहसा वचन रचणारा नसून ते पद्धतशीरपणे शिकवणारा पहिला शिक्षक असतो. वरची रेघ एकेरी असते, कारण शिक्षकाने आपल्याला मिळालेला एकच स्रोत सांगितला.

आपल्या आकृतीत हे छान बसते. यह्या वर्ग घेणारे, गावोगावचे शिष्य असलेले. तैमी आणि अलकमा त्यांच्या आधीच्या पिढ्यांतले, जेव्हा असे मोठे वर्ग रूढ नव्हते. तरी मोत्स्की यांच्या युक्तिवादाने आपण सुरक्षितपणे एक पायरी, फार तर दोन पायऱ्या चढतो. उमर यांचे मिंबर अजून दूर राहते. गाठ म्हणजे शिक्षक हे शक्य आहे, आणि गाठ म्हणजे रचनाकार हेही शक्य आहे. आकृती दोन्हीपैकी काय ते स्वतः सांगत नाही. श्रद्धावान वाचक इथे चरित्रकोशातल्या सचोटीच्या साक्षींवर विसंबतो. संशयवादी म्हणतो की त्या साक्षीही नंतरच्याच लोकांनी लिहिल्या. माझे मत विचाराल तर या हदीसच्या बाबतीत रचनेचा आरोप सिद्ध करण्याइतका पुरावा नाही आणि उमर यांच्यापर्यंत पोचल्याचा इतिहासशास्त्रीय पुरावाही नाही. ज्याला दोन्हीपैकी एक ठामपणे म्हणायचे आहे, त्याने आपण कोणते गृहीतक धरले ते आधी सांगावे.

शाख्त यांचे दुसरे हत्यार मौनाचे. एखाद्या वादात जी हदीस हुकमाचा एक्का ठरली असती ती तिथे कुणीच काढली नाही, तर ती तेव्हा अस्तित्वात नव्हती, असा तो युक्तिवाद. तो इथे लावून पाहू. इमाम मालिक यांचा मुवत्ता हा हदीससंग्रह आज बहुतेक ठिकाणी छापला जातो तो अंदलुसियाच्या यह्या बिन यह्या लैसी यांच्या पाठाप्रमाणे (हे यह्या वेगळे). त्यात हेतूंची हदीस नाही. मौनाचा नियम चालवला तर निष्कर्ष सोपा: मालिक यांना ती ठाऊक नव्हती, किंवा त्यांनी ती मोजण्यासारखी मानली नाही. इब्ने हजर यांच्यासारख्यानेही ती मुवत्तात नाही असे लिहून ठेवले. पण मुवत्ताचे पाठ अनेक आहेत. मालिक यांच्याकडे शिकलेले, पण हनफी या कायदेपंथाचे इमाम मुहम्मद शैबानी (मृत्यू हिजरी १८९) यांच्या पाठात ही हदीस मालिक, यह्या बिन सईद, तैमी, अलकमा, उमर अशा सनदेसह आहे. पुढे सुयूती यांनी ते दाखवून दिले. एका पाठातले मौन दुसऱ्या पाठाने मोडले.

आणि हे शैबानी हनफी होते, ही गोष्ट मौनाच्या युक्तिवादाला आणखी अडचणीची आहे. वुजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, मनात हेतू धरणे सक्तीचे आहे का? शाफई पंथाचे लोक म्हणतात, आहे, आणि आधार म्हणून हीच हदीस पुढे करतात. हनफी म्हणतात, सक्तीचे नाही. हदीसमध्ये कृत्याच्या पुण्याबद्दल सांगितले आहे, ते वैध होण्याबद्दल नाही. आपल्याकडेही हा फरक नांदतो, कारण कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई आहेत आणि देशावरचे बहुतांशी हनफी. समजा, शैबानींचा मुवत्ता हरवला असता आणि वुजूवरची फक्त हनफी मते आपल्या हाती उरली असती, तर हेतू सक्तीचा न मानणाऱ्या या फकीहाला ही हदीस माहीतच नव्हती, असे कुणीही सहज लिहून गेले असते. प्रत्यक्षात ती त्यांनी स्वतः मालिक यांच्याकडून ऐकून आपल्या पाठात नोंदवली होती.